राईट बॅक पोरगं रेफ्री व्हायला गेलं आणि इंटर्व्हल टेस्टला फेल झालं, त्याची सगळी केस

ही केस आमच्याकडं सकाळी पळायला येणाऱ्या एका पोराची आहे. नाव देत नाही, गरज पण नाही. कॉलेजच्या टीमचा राईट बॅक, वय वीस, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आणि पेठेतल्या एका तालमीच्या टीमकडून केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगला खेळलेला. म्हणजे फिटनेसचा प्रश्नच नाही असं त्यालाही वाटत होतं आणि त्याच्या मित्रांनाही. जिल्हा पातळीवरच्या रेफ्री कोर्सचा फॉर्म भरला, मेडिकल सर्टिफिकेट काढलं, आणि परीक्षेआधीच्या ट्रायल टेस्टला चाळीसपैकी एकतिसाव्या फेरीला बाहेर पडलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालं, "सर, मी पूर्ण नव्वद मिनिटं खेळतोय की वो, मग हे कसं काय झालं?"

प्रश्न बरोबर आहे आणि कोल्हापुरात तो दरवर्षी कुणीतरी विचारतंच, कारण इथं फुटबॉल खेळणारी पोरं ढिगानं आहेत पण शिट्टी हातात घेणारी मोजकीच, आणि जी येतात त्यातली बरीच पहिल्याच टेस्टला गळतात आणि परत फिरकत नाहीत. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी पायऱ्या थोडक्यात सांगतो. सुरुवात जिल्ह्यातून होते, म्हणजे आपल्याकडं केएसए, त्याच्यावर राज्याची विफा म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आणि त्याच्यावर देशाची एआयएफएफ म्हणजे ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. रेफ्रींना कॅटेगरीचे आकडे असतात, वर चढत जाल तसा आकडा कमी होतो, कॅटेगरी १ म्हणजे राष्ट्रीय पातळी आणि त्याच्याही वर फिफाचा बॅज. फिफाच्या यादीत मुख्य पंच म्हणून जायला किमान २५ वर्षं आणि सहाय्यक पंच म्हणून २३ वर्षं वय लागतं, त्यामुळं विसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला मधल्या पायऱ्या चढायला वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही. प्रत्येक पायरीला तीन गोष्टी बघतात: नियमांचा लेखी पेपर, फिटनेस टेस्ट, आणि प्रत्यक्ष मॅचमध्ये तुम्ही कसं काम करता ते. क्रिकेटच्या अंपायरिंगमध्ये लेखी आणि तोंडी परीक्षेला जास्त वजन असतं, पळण्याला कमी. फुटबॉलमध्ये मात्र फिटनेस टेस्ट पास नसेल तर पेपरात कितीही मार्क पडले तरी मॅच मिळत नाही. आणि एकदा पास झालो म्हणजे झालं असंही नाही, ही टेस्ट पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

आता ती टेस्ट नक्की काय असते ते बघू, कारण या पोराचं घोडं तिथंच अडलं.

फिफानं ठरवलेल्या टेस्टचे मुख्य पंचासाठी दोन भाग आहेत. पहिला भाग स्प्रिंटचा: ४० मीटर सहा वेळा पळायचं, दोन स्प्रिंटच्या मध्ये जास्तीत जास्त एक मिनिट, तेवढ्यात चालत परत सुरुवातीला यायचं. पुरुषांसाठी फिफा पातळीला वेळ ६.० सेकंद, त्याच्या खालच्या गटाला ६.१ आणि त्याच्याही खाली ६.२. महिलांसाठी हेच आकडे ६.४, ६.५ आणि ६.६. एखादा स्प्रिंट हुकला तर लगेच सातवा मिळतो, पण दोन हुकले की टेस्ट संपली. त्यानंतर सहा ते आठ मिनिटं विश्रांती आणि मग दुसरा भाग, इंटर्व्हल. ७५ मीटर पळायचं, २५ मीटर चालायचं, परत ७५ पळायचं, परत २५ चालायचं, असं चाळीस वेळा. चारशे मीटरच्या ट्रॅकवर एका राउंडला चार वेळा बसतं, म्हणजे दहा राउंड, एकूण चार किलोमीटर. पळायला १५ सेकंद सगळ्याच गटांना, चालायला मात्र फिफा पातळीला १८ सेकंद, मधल्या गटाला २० आणि खालच्या गटाला २२. महिलांना पळायला १७, चालायला २०, २२ आणि २४. हे फिफाचे फिटनेसचे गट आणि आपल्या एआयएफएफच्या कॅटेगरीचे आकडे यांची गल्लत करू नका, दोन्ही वेगळे आहेत, आणि तुमच्या परीक्षेला कुठलं टायमिंग लावणार ते कोर्सच्या नोटिशीत बघायचं नाहीतर इन्स्ट्रक्टरला सरळ विचारायचं.

सगळं शिट्टीवर चालतं. शिट्टी वाजली की पळायचं, पुढची शिट्टी वाजायच्या आत कोन लावलेल्या चालण्याच्या पट्ट्यात एक पाय तरी आला पाहिजे, आणि पुढची शिट्टी होईपर्यंत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं नाही. एकदा उशीर झाला तर वॉर्निंग, दुसऱ्यांदा झाला की बाहेर काढतात.

या पोराला खालच्या गटाचं टायमिंग होतं. म्हणजे ४० मीटर ६.२ सेकंदात, आणि १५ पळणं, २२ चालणं. हिशोब करा, एका फेरीला ३७ सेकंद, चाळीस फेऱ्यांना २४ मिनिटं ४० सेकंद. राईट बॅकला हे जड जायचं काहीच कारण नाही असं कागदावर दिसतं. पण त्याच्या मित्रानं मोबाईलवर सगळी ट्रायल शूट केली होती, त्यामुळं काय झालं ते आम्हाला बसून बघता आलं, आणि ते बघण्यासारखंच होतं.

स्प्रिंटला हा पहिल्यापासून जीव खाऊन पळाला. व्हिडिओवर मोजलं तर साडेपाचच्या आसपास वेळ येत होता, सहाही वेळा. म्हणजे दर वेळी लागणाऱ्या वेळेपेक्षा अर्ध्या सेकंदाहून जास्त लवकर. कशासाठी? शेजारच्या लेनमध्ये दुसऱ्या पेठेच्या टीमचा विंगर होता एवढंच कारण. या टेस्टला पहिला दुसरा नंबर नसतो, ५.५ ला पण पास आणि ६.१९ ला पण पास, कागदावर टिक एकच. पण पायातून जे गेलं ते गेलं, आणि सहा मिनिटांत ते परत येत नाही.

इंटर्व्हल सुरू झाल्यावर तीच गोष्ट आणखी वाईट झाली. ७५ मीटर १५ सेकंदात म्हणजे ताशी १८ किलोमीटरचा वेग. हा पहिल्या दहा फेऱ्या साधारण १३ सेकंदात संपवत होता, म्हणजे ताशी वीसच्या पुढं. त्याला वाटत होतं की लवकर पोचलो तर दोन सेकंद जास्त विश्रांती मिळते. मिळते खरी, पण त्या दोन सेकंदांसाठी जो जादा जोर लावला तो दोन सेकंदांत भरून निघत नाही. ताशी १८ चा वेग असा आहे की चांगल्या फिट माणसाला तो श्वासावर निभावता येतो, त्याच्यावर थोडं जरी गेलं की पाय भरायला लागतात, आणि चाळीस वेळा थोडं थोडं भरत गेलं की पंचविसाव्या फेरीनंतर एकदम दार बंद होतं. व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं, बाविसाव्या फेरीपर्यंत हा सगळ्यांच्या पुढं आहे, सव्विसाव्याला बरोबरीला, अठ्ठाविसाव्याला मागं.

दुसरी गोष्ट तर मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती कुणी सांगत नाही. तो चालत नव्हता. लवकर पोचायचा आणि गुडघ्यावर हात ठेवून उभा राहायचा, मग शिट्टी होत आली की लगबगीनं पुढच्या खुणेकडं जायचा. २५ मीटर २२ सेकंदात म्हणजे ताशी चार किलोमीटर, रंकाळ्यावर संध्याकाळी लोक फिरतात तो वेग. एकसारखं चालत राहिलं तर पायातलं रक्त फिरत राहतं, श्वास खाली येतो आणि शिट्टीला तुम्ही बरोबर खुणेवर असता. हा मध्येच थांबला आणि मग धावत खुणेला गेला, त्यामुळं दर फेरीला एक छोटी जादा पळापळ झाली. एकोणतिसाव्या फेरीला वॉर्निंग मिळाली ती शिट्टीला तो खुणेपासून दोन पावलं मागं होता म्हणून. एकतिसाव्याला ७५ मीटरच्या शेवटी पाय पट्ट्यात पोचला नाही आणि इन्स्ट्रक्टरनी हात वर केला.

आता मॅचमध्ये नव्वद मिनिटं खेळणारा यात का अडकतो? राईट बॅकचं पळणं वेगळं असतं. वर गेला तर एक मोठा स्प्रिंट, मग बॉल दुसऱ्या बाजूला असताना दोन-तीन मिनिटं निवांत सरकणं, थ्रो-इन, कुणी पडला तर पाणी प्यायचं. स्वतःला केव्हा जोर लावायचा ते तो स्वतः ठरवतो. रेफ्रीला ते ठरवता येत नाही, बॉल जिकडं तिकडं त्याला जावंच लागतं, एका मॅचला दहा ते बारा किलोमीटर पळणं होतं आणि त्यात त्याला कुणी सब्स्टिट्यूट करत नाही. इंटर्व्हल टेस्ट हेच मोजते, दुसऱ्याच्या घड्याळावर पळता येतं का. म्हणून चांगला प्लेअर असणं इथं मदत कमी करतं आणि कधी कधी नडतंच, कारण प्लेअरला जिंकायची सवय असते.

मग पुढचे साधारण दोन महिने काम केलं. त्यात नवीन पळायला शिकवलं असं काही नाही, हळू पळायला शिकवलं. मोबाईलवर शिट्टीचा ऑडिओ तयार केला, १५ सेकंदांनी एक, मग २४ सेकंदांनी एक, आणि ब्लूटूथ स्पीकरवर लावून ट्रॅकवर ठेवला. पहिल्या आठवड्यात फक्त वीस फेऱ्या आणि एकच अट, शिट्टीच्या एक सेकंदापेक्षा जास्त आधी पोचायचं नाही. लवकर पोचला तर ती फेरी धरायची नाही. पोराला हे फार जड गेलं, चिडायचा, पण हळूहळू पाय बसले. ७५ मीटरच्या मध्ये साधारण ३७ मीटरवर एक जादा कोन ठेवला, तिथं साडेसात सेकंदाला असलं पाहिजे, म्हणजे सुरुवातीलाच जोर लावतोय का ते कळतं. मग दर आठवड्याला चार-चार फेऱ्या वाढवल्या, चाळीस झाल्यावर चालायची वेळ २४ वरून २२ वर आणली, आणि शेवटी २० वर. टेस्टला २२ होती, सराव २० वर झाला, त्यामुळं टेस्टच्या दिवशी दोन सेकंद हातात राहिले.

आठवड्यात इंटर्व्हल एकदाच, स्प्रिंट एकदा, आणि शनिवार-रविवारी त्याची मॅच. रोज इंटर्व्हल करणारी पोरं मी बघितली आहेत, त्यांची पिंढरी नाहीतर मांडीचा मागचा स्नायू टेस्टच्या आधीच जातो. स्प्रिंटच्या सरावात पण ५.९ ते ६.० मध्ये राहायचं, साडेपाच नको. एक बारीक गोष्ट, सुरुवातीची रेषा टायमिंगच्या गेटच्या दीड मीटर मागं असते, म्हणजे वेळ सुरू होईपर्यंत तुम्ही हललेला असता, ती जागा सरावाला पण तशीच मोजून ठेवली की टेस्टला अंदाज चुकत नाही. शेवटचे दोन दिवस काहीच नाही, फक्त चालणं आणि झोप. उन्हाच्या दिवसांत टेस्ट सकाळी लवकर घेतात हे गृहीत धरून सरावही सकाळीच केला.

सहाय्यक पंचाची टेस्ट वेगळी असते तेही इथंच सांगतो, कारण बऱ्याच पोरांना लाईनवर जायचं असतं आणि सराव मात्र मुख्य पंचाचा करतात. तिथं दिशा बदलण्याची परीक्षा असते, दहा मीटर सरळ पळत जायचं, आठ मीटर एका बाजूला आडवं सरकत, आठ मीटर दुसऱ्या बाजूला आडवं, आणि परत दहा मीटर पळत, सगळं वरच्या पातळीला १०.० सेकंदात. मग ३० मीटरचे पाच स्प्रिंट, मध्ये ३० सेकंद, वेळ ४.७ पासून पुढं गटाप्रमाणं. आडवं सरकणं का, तर लाईनवरच्या माणसाला तोंड मैदानाकडं ठेवून ऑफसाईडची रेषा धरायची असते. नुसतं पळून चालत नाही.

दुसऱ्या वेळी पोरगं पास झालं, चाळिसाव्या फेरीला हात वर करून बोलू शकत होतं एवढी ताकद शिल्लक होती. पण केस इथं संपत नाही, कारण लेखी पेपरानं त्याला जवळजवळ बाहेर काढलं होतं.

फुटबॉलचे नियम १७ आहेत आणि पुस्तक दरवर्षी १ जुलैला बदलतं. प्लेअरनं हे पुस्तक कधी उघडलेलं नसतं, त्याचे नियम सगळे मैदानावर ऐकलेले असतात, मोठ्या पोरांकडून, गॅलरीतून. या पोराच्या पेपरात ज्या चुका होत्या त्या जवळपास सगळ्या असल्याच ऐकीव होत्या. गोलकीपरनं बॉल हातात किती वेळ ठेवायचा तर त्यानं सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक लिहिलं. २०२५-२६ पासून ते आठ सेकंद झालंय, आणि जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो, शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून बोटांनी दाखवतो. आणखी एक प्रश्न होता तो तर कोल्हापूरसाठीच काढल्यासारखा: गॅलरीतून कुणीतरी शिट्टी वाजवली आणि डिफेंडरनं खेळ थांबला समजून पेनल्टी एरियात बॉल हातात घेतला, काय देणार? पोरानं पेनल्टी दिली. शाहू स्टेडियमवर खेळलेल्या माणसानं हे चुकावं याचं मला वाईट वाटलं, कारण असल्या शिट्ट्या त्यानं किती वेळा ऐकल्या असतील. उत्तर असं की बाहेरच्या शिट्टीनं खेळात अडथळा आला असं रेफ्रीला वाटलं तर खेळ थांबवायचा आणि ड्रॉप बॉल द्यायचा, आणि बॉल पेनल्टी एरियात होता म्हणून तो बचाव करणाऱ्या टीमच्या गोलकीपरला.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे "शेवटचा माणूस होता, रेड द्या." नियमात शेवटचा माणूस असा शब्दच नाही. गोलची उघड संधी हिरावली का हे बघायचं असतं आणि त्यासाठी चार गोष्टी: फाऊल झाला तिथून गोल किती लांब, खेळाची दिशा गोलकडं होती का, बॉल त्याच्या ताब्यात होता किंवा येण्यासारखा होता का, आणि बचावातले बाकीचे कुठं आणि किती. चारही जुळलं तर रेड. त्यातून पेनल्टी एरियात, डिफेंडर खरोखर बॉल खेळायला गेला होता आणि पेनल्टी दिली, तर रेडचं यलो होतं. आम्ही हे वहीवर टिंबं काढून, बाण काढून रोज एक-एक प्रसंग सोडवला. राईट बॅकला याचा एक फायदा मात्र होतो, तो ऑफसाईडची रेषा धरून खेळलेला असतो, त्यामुळं ऑफसाईडचे प्रश्न त्याला पटकन समजले. फक्त एक सांगावं लागलं की रेषा शेवटून दुसऱ्या माणसाची असते, गोलकीपर धरून. गोलकीपर पुढं आला असेल तर हिशोब बदलतो, आणि लाईनवर नवीन माणूस तिथंच चुकतो.

पास झाल्यावर पहिल्या मॅचा शाळेच्या, चौदा वर्षाखालच्या. त्यातही पहिल्यांदा झेंडा घेऊन लाईनवर, मग मधी. इथं प्लेअरची तिसरी सवय दिसली. बॉल राईट विंगला गेला की हा पण तिकडंच, अगदी बॉलच्या अंगावर, जसा ओव्हरलॅपला जायचा तसा. रेफ्री मैदानात एका कोपऱ्याकडून तिरकं दुसऱ्या कोपऱ्याकडं फिरतो, म्हणजे खेळ नेहमी त्याच्या आणि जवळच्या सहाय्यकाच्या मध्ये राहतो आणि दोघं दोन बाजूंनी बघतात. हा सहाय्यकाच्या पुढ्यातच जाऊन उभा राहायला लागला, दोघं एकाच बाजूनं बघणार आणि दुसरी बाजू मोकळी. शिवाय दोनदा पासच्या वाटेत आला. बॉल रेफ्रीला लागून त्यातून धोकादायक हल्ला सुरू झाला, थेट गोल झाला किंवा बॉल दुसऱ्या टीमकडं गेला तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा लागतो, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बेंच ओरडतात. हाफ टाइमला सहाय्यक पंचानं त्याला फक्त एवढंच सांगितलं, "बॉलच्या मागं नको, बॉल आणि पुढचा पास दोन्ही दिसतील असं उभं राहा." दुसऱ्या हाफला अर्धं काम झालं.

मग आली ती मॅच जिच्यासाठी सगळं लिहिलं असं म्हटलं तरी चालेल. सतरा वर्षाखालच्यांची, दोन पेठांच्या पोरांची, त्यामुळं बघायला बापं, काका, आणि तालमीची मोठी पोरं. ०-० चालू. डावीकडून फॉरवर्ड सुटला, डिफेंडरनं मागून पाय घातला, फॉरवर्ड पडला. जागा पेनल्टी एरियाच्या बाहेर, साधारण सात-आठ मीटर, पण डाव्या बाजूला, आणि फॉरवर्डचं तोंड कॉर्नर फ्लॅगकडं. मधून दुसरा डिफेंडर गोलच्या बाजूला पळत येत होता. बाहेरून एकच आवाज, "रेड, रेड, शेवटचा माणूस!" पोरानं शिट्टी वाजवली, दोन-तीन सेकंद काहीच केलं नाही, कार्डाला हात लावला नाही. नंतर मला म्हणाला की त्या वेळेत तो चार गोष्टी मनात मोजत होता. लांबी ठीक, ताबा ठीक, पण दिशा गोलकडं नाही आणि दुसरा डिफेंडर पोचत होता. म्हणजे उघड संधी नाही, चांगला हल्ला थांबवला एवढंच, म्हणून यलो आणि डायरेक्ट फ्री किक. यलो दाखवलं, बाहेर पाच मिनिटं ओरडाआरडा झाला, कॅप्टन जवळ आला त्याला एका वाक्यात सांगितलं आणि खेळ चालू केला. मॅच रिपोर्टमध्येही त्यानं कार्डाचं कारण "शेवटचा माणूस नव्हता" असं न लिहिता "आश्वासक हल्ला थांबवला" असं लिहिलं. रिपोर्ट हा भाग पोरं फार हलक्यात घेतात, पण पुढं तक्रार झाली तर तेवढाच कागद तुमच्या बाजूनं बोलतो. मिनिट, जर्सी नंबर, कारण, आणि काय दिलं, एवढं मॅचमध्येच वहीत टिपलं पाहिजे, रात्री आठवून लिहायला बसलं की नंबर चुकतात.

कोल्हापूरची एक अडचण वेगळी बोलायला पाहिजे. इथं तुम्ही कुठल्या पेठेचे, कुठल्या तालमीचे, हे सगळ्यांना माहिती असतं, तुमच्या मामाची तालीम कुठली तेही माहिती असतं. या पोरानं मला विचारलं की खेळणं सोडावं लागेल का. माझं मत असं की कॉलेजकडून, विद्यापीठाकडून खेळायला काही हरकत नाही, पण ज्या लीगमध्ये स्वतः रजिस्टर आहात त्या लीगच्या मॅचा घ्यायच्या नाहीत, आणि आपल्या तालमीच्या किंवा तिच्याशी थेट स्पर्धेत असलेल्या टीमच्या मॅचला नेमणूक आली तर आधीच कळवून टाकायचं. निर्णय बरोबर असला तरी इथं लोक चेहरा बघून बोलतात, आणि एकदा नावाला "अमक्या तालमीचा रेफ्री" असं चिकटलं की ते निघायला वर्षं जातात. त्यानं शेवटी सीनियर लीगचं रजिस्ट्रेशन या सीझनला केलं नाही. घरी आणि तालमीत दोन्हीकडं बोलणी खाल्ली, मोठी पोरं म्हणाली आपला राईट बॅक गेला आणि शिट्टी घेऊन बसला. मला त्याचा हा निर्णय आवडला, कारण दोन्ही एकदम धरून ठेवणाऱ्याला इथं कुणी मोठी मॅच देत नाही.

पैशाचं विचारतात म्हणून सांगतो, सुरुवातीच्या मॅचांचं मानधन बूट आणि पेट्रोलला जाईल एवढंच असतं, त्याच्यावर घर चालत नाही. खर्च तसा फार नाही. शिट्टी आत गोळी नसलेली घ्यायची, ती पावसातही वाजते, आणि दोन ठेवायच्या, कारण एखादी पडली तर दुसरी हाताशी पाहिजे. घड्याळंही दोन, एक सलग चालणारं आणि एक थांबवता येणारं. कार्डं, वही, पेन्सिल, आणि लाईनसाठी झेंडे. पेनापेक्षा पेन्सिल बरी, वही भिजली तरी लिहिता येतं.

आता तो पुढच्या पायरीची तयारी करतोय. तिथं ४० मीटरला ६.१ आणि चालायला २० सेकंद लागणार आहेत, चाळीस फेऱ्यांना २३ मिनिटं २० सेकंद. सरावात २० वर त्याचे पाय आधीच बसलेत, त्यामुळं त्या बाजूनं मला काळजी नाही. काळजी मॅचांची आहे, वर जायला नुसती टेस्ट पुरत नाही, असेसर येऊन बघेल अशा मॅचा केलेल्या लागतात, आणि सतरा वर्षाखालच्या मॅचा सोडून सीनियरच्या मॅचला लाईनवर उभं राहिल्याशिवाय त्या मिळत नाहीत. म्हणून या सीझनला मुख्य पंचाच्या मॅचा कमी आणि सहाय्यकाच्या जास्त मागायच्या असं ठरवलंय, आणि परवापासून ट्रॅकवर इंटर्व्हलच्या जोडीला आडवं सरकण्याचा सराव सुरू झालाय, दहा, आठ, आठ, दहा. अजून त्याला साडेदहा सेकंद लागतात. वळताना तो पाय टाकून थांबतो आणि मग निघतो, तिथंच अर्धा सेकंद जातोय, ते पुढच्या महिन्यात काढायचं आहे.